अण्णा नसतील त्या दिवशी दर कोण सांगणार?

हार्डवेअरच्या जुन्या दुकानात फळीवरच्या खोक्यांच्या कडेला मार्करने दोन-तीन अक्षरे लिहिलेली दिसतात. गिऱ्हाइकाला त्यांचा अर्थ लागत नाही, आणि लागू नये म्हणूनच ती लिहिलेली असतात. दुकानदाराने केव्हातरी दहा वेगवेगळी अक्षरे निवडून एकेका अंकाला एकेक अक्षर नेमून दिलेले असते. त्या अक्षरांत आतल्या बिजागरीची किंवा कुलपाची खरेदी किंमत असते. मिस्त्री घासाघीस करायला लागला की मालक खोक्याकडे एक नजर टाकतो आणि कुठपर्यंत उतरायचे ते ठरवतो.

पद्धत चलाख आहे. पण अक्षरांत फक्त खरेदी किंमत असते. समोरच्या मिस्त्रीला किती सोडायचे, त्याच्या खात्यावर आणखी माल द्यायचा की मागचे येऊ द्यायचे, हेच खोके संपल्यावर पुन्हा मागवायचे की तो नग आता चालेनासा झाला, हे कुठेच लिहिलेले नसते. ते एका माणसाच्या डोक्यात असते. दुकान मुलाच्या हाती द्यायचे म्हणजे काउंटरमागची खुर्ची द्यायची, असे बहुतेक घरांत समजले जाते. प्रत्यक्षात द्यायचे असतात ते हे रोजचे शे-दीडशे निर्णय, आणि ते खुर्चीबरोबर आपोआप जात नाहीत.

हार्डवेअरमध्ये ही अडचण किराण्यापेक्षा किंवा कापडापेक्षा जास्त टोचते, कारण मालाचे प्रकार फार. एकाच टॉवर बोल्टचे लांबीनुसार सहा-सात प्रकार, त्यात लोखंडी, पितळी, स्टेनलेस, ॲल्युमिनियम. स्क्रू ग्रोसवर, खिळे किलोवर, ड्रॉवरचे चॅनेल जोडीवर. अलीगढची कुलपे, जामनगरचा पितळी माल, राजकोटच्या बिजागऱ्या, आणि ब्रँडेड कंपनीचा माल ‘लिस्टवर इतके टक्के’ या हिशेबाने. मध्यम दुकानातही पाच-सात हजार वेगवेगळे नग सहज निघतात. त्यातून विक्रीचा मोठा भाग उधारीवर आणि तीही अशा कंत्राटदारांकडे, ज्यांचे स्वतःचे पैसे बिल्डरकडे अडकलेले असतात.

पुण्याच्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीत, मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा जिल्ह्याच्या कोणत्याही बाजारपेठेत सापडेल असे एक दुकान आपण कल्पून घेऊ. आकडे माझे, सोयीसाठी गोल केलेले. पण धंद्यातल्या माणसाला ते परके वाटणार नाहीत.

दोन भाऊ, अण्णा आणि भाऊ, निम्म्या-निम्म्या हिश्शाचे भागीदार. अण्णा अडुसष्ट वर्षांचे, भाऊ एकसष्टचे. अण्णांचा धाकटा मुलगा आणि भाऊंची मुलगी दुकानात येतात. अण्णांचा थोरला मुलगा बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी नाशिकला दिलेली. वर्षाची विक्री सहा कोटी, त्यातली चार कोटींची उधारीवर. सरासरी चौदा टक्के सुटतात, म्हणजे 84 लाख. पगार, हमाली, वाहतूक, वीज, बँकेचे व्याज असा खर्च 44 लाख. उरले 40 लाख. दोन्ही घरे सुखात चालतात, ‘दुकान बरे चाललेय’ असे सगळेच म्हणतात.

हा समज पहिल्यांदा तपासावा लागतो, आणि त्यासाठी कुठलाही सल्लागार लागत नाही. घरची चार माणसे दिवसभर दुकानात राबतात, पण त्यांना पगार नाही. लागेल तसे गल्ल्यातून किंवा खात्यातून उचलायचे, अशी रीत. या चौघांच्या जागी बाहेरची माणसे ठेवली असती तर काय द्यावे लागले असते? दोन्ही थोरल्यांना महिना साठ-साठ हजार, दोन्ही मुलांना पंचेचाळीस-पंचेचाळीस धरा. वर्षाचे 25 लाख 20 हजार झाले. म्हणजे खरा नफा 14 लाख 80 हजार. दुकानाची जागा अण्णांच्या नावावर आहे आणि तिचे भाडे कोणी देत नाही. बाजारभावाने ते महिना पंचाहत्तर हजार, वर्षाला 9 लाख. तेही वजा केले तर उरतात 5 लाख 80 हजार.

आता हे कशावर मिळाले ते पाहू. दुकानात 1 कोटी 70 लाखांचा माल, बाजारात 1 कोटीचे येणे. त्यातून व्यापाऱ्यांचे 60 लाखांचे देणे आणि बँकेचे कॅश क्रेडिट 60 लाख वजा जाता घरचे अडकलेले भांडवल दीड कोटी. दीड कोटींवर वर्षाला 5 लाख 80 हजार, म्हणजे चार टक्केसुद्धा नाहीत. बँकेतल्या मुदत ठेवीने याहून जास्त दिले असते. दुकान घर पोसते आहे ते नफ्यातून नव्हे, तर घरच्यांच्या न दिलेल्या पगारातून आणि अण्णांनी न घेतलेल्या भाड्यातून.

हा हिशेब कडू लागतो. पण तो झाल्याशिवाय पुढचे सगळे बोलणे हवेत राहते. बंगळुरूच्या मुलाला वाटते दुकानात सोन्याची खाण आहे. दुकानातल्या मुलाला वाटते आपण फुकट राबतो. दोघेही अर्धे बरोबर असतात, कारण पगार, भाडे आणि नफा या तीन वेगळ्या गोष्टी एकाच गल्ल्यात मिसळलेल्या असतात. त्या तीन वेगळ्या नोंदींत गेल्या, प्रत्येकाला ठरलेला पगार ठरलेल्या तारखेला खात्यात मिळू लागला, की निम्मी कुरबुर थांबते. चुलतभावंडांचे काम सारखे असेल तर पगारही सारखा ठेवावा. ‘ती काय, लग्न करून जाईल’ म्हणून मुलीला दहा हजार कमी दिले, तर त्या दहा हजारांचा हिशेब पुढे कधीतरी व्याजासह निघतो.

आता निर्णयांकडे. दुकानातले निर्णय शेकडो दिसले तरी पैशाच्या दृष्टीने वजनदार असे तीनच: दर किती उतरायचा, उधारी कोणाला आणि कुठपर्यंत, आणि माल कोणता नि किती भरायचा. शिस्त या तिन्हींत लागली की बाकीचे चालून जाते.

दराचे गणित बहुतेकांना कळते, पण आकड्यात मांडून पाहिलेले नसते. सहा कोटींच्या विक्रीवर सरसकट एक टक्का जास्त सूट गेली तर सहा लाख गेले, म्हणजे वर काढलेला सगळा खरा नफा गेला. आणि एक टक्का कसा जातो? अण्णा एका मिस्त्रीला जुनी ओळख म्हणून सोडतात, भाऊ दुसऱ्याला चहा पिता पिता सोडतात, मुलगा तिसऱ्याला ‘वर ऑनलाइन इतक्यात मिळतेय’ म्हटल्यावर सोडतो. यावर उपाय म्हणजे बिलाच्या संगणकात प्रत्येक नगाला तीन दर: छापील, दुकानाचा आणि तळाचा. काउंटरवरचा सेल्समन दुकानाच्या दरापर्यंत, घरची चारही माणसे तळाच्या दरापर्यंत. त्याखाली कोणीच जायचे नाही, गेलाच तर बिलावर कारण लिहायचे. पाच हजार नगांचे दर एकदम भरायला बसू नये, दमछाक होऊन काम अर्ध्यावर पडते. आधी सर्वाधिक विकले जाणारे तीनशे नग घ्यावेत. बहुतेक दुकानांत विक्रीचा मोठा भाग तेवढ्यातच असतो.

उधारीला मर्यादा लावणे हे खरे अवघड काम. एका कंत्राटदाराचे पाच लाख बुडाले तर चौदा टक्क्यांच्या हिशेबाने ते भरून काढायला जवळजवळ 36 लाखांचा माल विकावा लागतो, तोही एक पैसा न बुडवता. म्हणून प्रत्येक खात्याला रक्कम आणि दिवस, दोन्हींची मर्यादा हवी. समजा पन्नास हजार आणि तीस दिवसांपर्यंत काउंटरवर कोणीही देऊ शकेल. दोन लाखांपर्यंत मुलगा किंवा पुतणी. त्यावर दोन पिढ्यांतल्या एकेकाची अशा दोन सह्या. आणि कोणतेही बिल साठ दिवसांच्या वर गेले की नवा माल रोखीनेच.

हा नियम पहिल्या आठवड्यातच मोडणार, आणि मोडणारे बहुधा अण्णाच असणार. ‘अरे, त्याचा बाप माझ्याकडे येत होता, देऊन टाक.’ त्यांना अडवू नये, पण प्रत्येक अपवाद एका वहीत लिहावा: तारीख, खाते, रक्कम, कोणी सांगितले, आणि पैसे कधी आले. तीन महिन्यांनी ती वही उघडली की काहीतरी उमजते. कधी असे दिसते की अण्णांचे दहापैकी आठ अपवाद वेळेवर वसूल झाले. मग त्यांच्या डोक्यात काहीतरी आहे जे नियमात आलेले नाही, आणि ते विचारून घ्यायला हवे. कधी उलटे दिसते. तेव्हा मुलाला तोंड उघडावे लागत नाही, वही बोलते. ज्या दुकानांत बापलेकांचे पटत नाही तिथे मी इतर कशाहीपेक्षा या वहीवर जास्त भरवसा ठेवीन.

खरेदीत थोरल्यांची चूक बहुधा एकाच जातीची असते: कंपनीचा माणूस मार्चअखेर स्कीम घेऊन येतो, इतका माल उचलला तर चार टक्के जास्त. चार टक्के मिळतात, माल दोन वर्षे पडून राहतो. आपल्या दुकानात 1 कोटी 70 लाखांपैकी 30 लाखांचा माल वर्षभर हललेला नाही असे धरू. तो पासष्ट टक्के किमतीला काढला तर हाती साडेएकोणीस लाख येतील आणि कॅश क्रेडिट तेवढे उतरेल. दहा टक्के व्याजाने वर्षाला जवळजवळ दोन लाख वाचतील. साडेदहा लाखांचा तोटा मात्र डोळ्यांसमोर दिसतो, म्हणून कोणी तो माल काढत नाही. तोटा खरे तर आधीच झालेला असतो, फक्त फळीवर ठेवलेला असतो.

तरुणांची चूक वेगळ्या जातीची. त्यांना मॉड्युलर किचनचा महागडा माल आणि काचेचा डिस्प्ले हवा असतो, आणि चुका, वायसर, रॉलप्लग यांचा कंटाळा येतो. पण मिस्त्री दुकानात शिरतो तो चुकांसाठीच, आणि ती मिळाली नाहीत की बाकीचेही दुसरीकडून नेतो. म्हणून खरेदी एकदम सोपवू नये, मालाच्या वर्गवारीने सोपवावी. पहिल्या वर्षी मुलाकडे चॅनेल, सॉफ्ट-क्लोज बिजागऱ्या आणि किचन फिटिंग, त्याला वर्षाचे ठरलेले बजेट. पुतणीकडे कुलपे आणि हँडल. वर्षाच्या शेवटी दोनच प्रश्न: तुझ्या वर्गातला माल वर्षात किती वेळा फिरला, आणि किती वेळा गिऱ्हाईक ‘नाही’ ऐकून परत गेले. आपल्या दुकानात सगळा माल मिळून वर्षाला तीन वेळा फिरतो. मुलाचा वर्ग चार वेळा फिरला तर पुढच्या वर्षी आणखी एक वर्ग त्याच्याकडे.

माझ्या मते उधारी सर्वांत शेवटी सोपवावी, कारण तिथे अण्णांच्या अनुभवाची किंमत सर्वांत जास्त आहे. कोण दिवाळीनंतरच देतो, कोणाचा भाऊ वेगळा झाला आहे, कोणाला फोन केला तर राग येतो आणि कोणाला केला नाही तर तो विसरतो, हे कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये सापडत नाही. मोठी साठ खाती घ्यावीत. दुकान बंद झाल्यावर रोज दोन खात्यांवर अण्णांनी बोलावे आणि मुलांनी प्रत्येकाचे पानभर लिहून घ्यावे. महिना-दीड महिन्यात साठ होतात. मग अण्णांनी एकदा तरी मुलांना घेऊन त्या साठ जणांकडे जावे. हे टाळले जाते, आणि मग अण्णा आजारी पडल्यावर कंत्राटदार म्हणतो, ‘माझे अण्णांशी ठरले होते, ते येऊ देत.’

हस्तांतर झाले की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे. अण्णांनी महिनाभर गावाला जावे, फोन भाऊंकडे ठेवून. परत आल्यावर पाहावे किती बिले, किती ऑर्डरी त्यांच्यासाठी थांबून राहिल्या. मुलीच्या बाबतीत ही खूण आणखी स्पष्ट दिसते: मिस्त्री तिच्याशी माल बोलतो, पण दरासाठी मागे बसलेल्या काकांकडे बघतो. त्या क्षणी काकांनी ‘तिला विचार’ एवढेच म्हणायचे असते. ते न म्हणता त्यांनी दर सांगून टाकला, तर तिचा वर्षभराचा अधिकार तिथेच संपला.

इथवरचे सगळे कामाबद्दल झाले. मालकी हा निराळा विषय आहे, आणि घरे फुटतात ती इथे.

आज अण्णा मृत्युपत्र न करता गेले तर काय होईल? त्यांची स्वकष्टार्जित मालमत्ता हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, दोन मुलगे आणि मुलगी यांच्यात सारखी वाटली जाईल. अण्णांचा धंद्यातला हिस्सा निम्मा. त्याचा चौथा भाग, म्हणजे धंद्याचा एक अष्टमांश, दुकानात पंधरा वर्षे घालवलेल्या मुलाचा. जागेतही त्याचा चौथाच हिस्सा. या पेचातून सुटण्याचा आपल्याकडचा ठरलेला मार्ग म्हणजे बहिणीकडून हक्कसोडपत्र, बाराव्या-तेराव्यानंतर, साडी नेसवून. ते कायद्याने चालते, पण त्यावर दुकान उभे करणे धोक्याचे. बहिणीने सही केली नाही तर ती चुकली असे म्हणता येणार नाही. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत तर 2005 च्या दुरुस्तीने तिला जन्मतःच भावाइतका हक्क दिला आहे, आणि वडील त्या दुरुस्तीच्या दिवशी हयात असायला हवे होते की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तिच्या बाजूने निकाली काढला आहे.

त्यापेक्षा अण्णांनी स्वतः मृत्युपत्र करावे: धंद्यातला हिस्सा दुकानातल्या मुलाला, आणि त्याच्या किमतीच्या प्रमाणात घर, ठेवी किंवा जागेतला मोठा वाटा इतरांना. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. आणि मजकूर मुलांना हयातीतच सांगावा. एकत्र मालमत्तेत मात्र ते स्वतःच्या हिश्शापुरतेच लिहून देऊ शकतात.

भागीदारीचा कायदा 1932 चा आहे आणि त्यात एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. करारात वेगळे लिहिले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. आणि भागीदार दोनच असतील तर करारात काहीही लिहिले असले तरी फर्म उरत नाही, कारण एका माणसाची भागीदारी असूच शकत नाही. म्हणून अण्णा-भाऊ दोघे धडधाकट असतानाच दोन्ही मुलांना पाच-दहा टक्क्यांनी भागीदार करून घ्यावे आणि ‘एकाच्या मृत्यूने फर्म संपणार नाही’ हे कलम घालावे. भागीदार चौघे असले की एक गेला तरी फर्मचा पॅन, जीएसटी क्रमांक आणि बँकेचे खाते पुढे चालू राहू शकते. एकट्याच्या मालकीच्या दुकानात तसे नसते. तिथे पॅन त्या माणसाचा, त्याच्याबरोबर तो संपतो. वारसाला नवा जीएसटी क्रमांक घ्यावा लागतो आणि शिल्लक इनपुट क्रेडिट `ITC-02` हा फॉर्म भरून वळवून घ्यावे लागते. तोवर सीझन निघून जातो.

करारातले दुसरे कलम म्हणजे गेलेल्याचा हिस्सा कसा मोजायचा आणि कसा फेडायचा. वर्षावरचा माल निम्म्या किमतीत, सहा महिन्यांवरचे येणे निम्मे, असा नियम आधीच लिहिलेला असला की दुःखाच्या दिवसांत मोजणीवरून भांडण होत नाही. आपल्या दुकानात तीस लाखांच्या पडून मालाचे पंधरा आणि जुन्या येण्याचे दहा वजा केले तर दीड कोटीचे सव्वा कोटी होतात. अण्णांचा वाटा साडेबासष्ट लाख. मुलांना भागीदार करताना हा आकडा थोडा कमी होईल, पण हिशेब तोच. वकिलाच्या ठरीव नमुन्यात ‘तीन वर्षांत फेडावे’ असे लिहिलेले असते. तीन वर्षांत म्हणजे वर्षाला जवळजवळ 21 लाख, व्याज वेगळे. दुकानाकडे भाड्याआधीचा नफा आणि अण्णांचा वाचलेला पगार मिळून आहेत 22 लाख, तेही कर न धरता. दुकान गुदमरणार. पाच वर्षे केली तर वर्षाला साडेबारा लाख आणि व्याज, हे जमते. पण वारसांनी जागेचे बाजारभावाने भाडे मागितले की पुन्हा जमत नाही. म्हणून जागेचा दीर्घ मुदतीचा भाडेकरार फर्मच्या नावे आजच करायला हवा, थोड्या का होईना भाड्याने.

जागा पागडीची असेल तर वेगळी काळजी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे भाडेकरूच्या मृत्यूनंतर धंद्याच्या जागेचा हक्क आधी त्या कुटुंबीयाला जातो, जो मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर तिथे धंदा करत होता. ‘बरोबर होतो’ हे दाखवायला पगाराची नोंद, भागीदारीचा करार, बिलांवरच्या सह्या कामी येतात. वर्षानुवर्षे फुकट बसलेल्या मुलाकडे यातले काहीच नसते. आणि भाड्याची पावती अजून आजोबांच्या नावे निघत असेल, तर ते आजोबांचे मुलगे हयात असतानाच सरळ करून घ्यावे.

आणि मुलांपैकी कोणीच बसणार नसेल तर? हार्डवेअरच्या दुकानाला नावाची किंमत फारशी मिळत नाही. घेणारा माल मोजतो, येण्याची वये पाहतो आणि जागेचा भाव करतो. अशा वेळी घेणारा बहुधा आधीपासून दुकानातच असतो: वीस वर्षे काउंटरवर उभा असलेला सेल्समन, ज्याला खोक्यावरची अक्षरे नसली तरी गिऱ्हाइके पाठ असतात. त्याच्याकडे सव्वा कोटी नसतात. पण पाच टक्क्यांपासून भागीदारीत घेऊन, त्याच्या नफ्यातून दरवर्षी थोडा हिस्सा वळता करत आठ-दहा वर्षांत दुकान त्याच्याकडे जाऊ शकते. त्यासाठी अण्णांनी साठीच्या अलीकडे सुरुवात करायला हवी. अडुसष्टाव्या वर्षी हाती उरतो तो मालाचा लिलाव आणि जागेची विक्री, आणि पडून असलेला माल लिलावात बऱ्याचदा भंगाराच्या भावाने जातो.